सही न्यू जर्सीत, फ्लॅट पुण्यात

‘तू फक्त पॉवर ऑफ अॅटर्नी पाठवून दे, बाकीचं मी बघते.’ आईवडिलांच्या पश्चात घर विकायचं ठरलं, की पुण्यातली बहीण परदेशातल्या भावाला बहुतेक वेळा हेच सांगते. भाऊही सुट्टी काढून नोटरीकडे जातो, सही करतो, कागद कुरिअरने पाठवतो आणि आपल्या वाटचं काम झालं असं समजतो. पुढे काही महिन्यांनी खरेदीदाराचा वकील कागदपत्रं परत पाठवतो आणि तोच कागद पुन्हा नव्याने करावा लागतो.

असं होण्याचं कारण साधं आहे. कुलमुखत्यारपत्राने कुणालाही मिळकतीत हक्क मिळत नाही. ज्याचा हक्क आधीच सिद्ध आहे, त्याच्या वतीने दुसऱ्याला सही करता येते, एवढंच त्याचं काम. त्यामुळे वारसा कुणाचा आणि किती, हे कागदावर आल्याशिवाय केलेलं कुलमुखत्यारपत्र अर्धवट ठरतं. आधी वारसा, मग कुलमुखत्यारपत्र, मग विक्री आणि शेवटी पैसे परदेशी नेणं, हा क्रम पाळला तर परदेशात बसूनही हे काम नीट होतं. क्रम उलटला, की प्रत्येक पायरीवर मागे फिरावं लागतं.

हा क्रम समजून घेण्यासाठी एक उदाहरण धरू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण नेहमीच्या अनुभवातली आहे. कोथरूडमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. वडिलांनी तो २००४ मध्ये १६ लाख रुपयांना, स्वतःच्या कमाईतून आणि एकट्याच्या नावावर घेतला. २०१२ मध्ये ते गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं, पण सोसायटीत आईचं नामनिर्देशन होतं, म्हणून भागपत्रावर आईचं नाव लागलं. २०२३ मध्ये आईही गेली, तीही मृत्युपत्र न करता. मागे दोन मुलं राहिली. मुलगी पुण्यात असते. मुलगा न्यू जर्सीत असतो, आता अमेरिकेचा नागरिक आहे आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे. एक कोटी रुपये द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक मिळालं आहे.

आजी कधी गेल्या?

भावाबहिणीचा हिशेब सरळ होता. फ्लॅट आईच्या नावावर, आईला दोन मुलं, म्हणजे अर्धा अर्धा वाटा. खरेदीदाराला गृहकर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाने मात्र कागद चाळून एकच प्रश्न विचारला : २०१२ मध्ये वडील गेले, तेव्हा त्यांची आई हयात होती का?

हयात होती. आजी २०१५ मध्ये गेली. इथे हिशेब बदलला.

सोसायटीतल्या नामनिर्देशनामुळे आई फ्लॅटची एकटी मालक झाली, असं घरात सगळे धरून चालले होते. नामनिर्देशन हे सोसायटीच्या सोयीसाठी असतं. सभासद गेल्यावर सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा, एवढं त्याने ठरतं. मालकी ठरते ती वारसा कायद्याने. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि आई. या सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. वडिलांच्या मागे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई असे चौघे होते. म्हणून २०१२ मध्येच प्रत्येकाकडे पाव हिस्सा गेला, भागपत्रावर नाव कुणाचंही असो.

आजीचा पाव हिस्सा तिच्या पश्चात तिच्या मुलांकडे गेला. तिला तीन मुलं : हे वडील, एक काका आणि एक आत्या. काका आणि आत्यांना प्रत्येकी एक बारांश मिळाला. वडील आजीच्या आधी गेलेले असल्याने त्यांचा एक बारांश त्यांच्या दोन मुलांना मिळाला. सगळी बेरीज केली तर भाऊ आणि बहीण यांचा प्रत्येकी पाच बारांश हिस्सा होतो, आणि उरलेले दोन बारांश काका व आत्यांचे. एक कोटीच्या फ्लॅटमध्ये त्यांचा वाटा प्रत्येकी सव्वाआठ लाखांच्या वर जातो. त्यांच्या सहीवाचून फ्लॅट पूर्ण विकता येत नाही.

काका आणि आत्यांना यातलं काहीच हवं नव्हतं, त्यांना हा हक्क असल्याचं ठाऊकही नव्हतं. तरी त्यांनी तोंडी ‘आमचं काही नाही’ म्हणून भागत नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा, तर हक्कसोडपत्र लेखी करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. दुसरा मार्ग म्हणजे खरेदीखतातच त्यांनीही विकणारे म्हणून सही करणं. या उदाहरणात त्यांनी भाचरांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं आणि आता कुठे तो अर्धा अर्धा वाटा कागदावर खरा झाला.

परदेशातल्या वारसाने म्हणूनच पहिलं काम करावं ते कुटुंबाची वंशावळ मांडण्याचं. कोण कधी गेलं, त्या दिवशी मागे कोण हयात होतं, हे तारखेनिशी लिहावं आणि प्रत्येक मृत्यूचा दाखला महापालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून काढून घ्यावा. हे काम फोनवर बसून होतं आणि त्यासाठी कुलमुखत्यारपत्र लागत नाही. मुख्य म्हणजे हा कागद गिऱ्हाईक शोधण्याच्या आधी तयार हवा. विसार घेतल्यावर आजीचा प्रश्न निघाला, तर खरेदीदाराचं कर्ज, त्याने दिलेली मुदत आणि नातेवाइकांमधला विश्वास, सगळ्यांवर एकदम ताण येतो.

वारस असल्याचा कागद

वंशावळ आपण मांडली, पण ती दुसऱ्याने का मानावी? त्यासाठी कागद लागतो, आणि इथे दोन नावांचा नेहमी घोटाळा होतो.

बँकेतल्या ठेवी, शेअर, रोखे अशा जंगम मालमत्तेसाठी न्यायालय जे देतं ते ‘सक्सेशन सर्टिफिकेट’, म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र. घर किंवा जमिनीसाठी ते उपयोगाचं नाही. स्थावर मिळकतीचे वारस कोण, हे सांगणारा न्यायालयाचा वारस दाखला आपल्याकडे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठप्रमाणे दिवाणी न्यायालयाकडून मिळतो. ‘कोर्टातून सर्टिफिकेट आणा’ असं कुणी सांगितलं, तर यांतलं नेमकं कोणतं, हे विचारून घ्यावं. चुकीचा अर्ज केला तर कित्येक महिने वाया जातात.

प्रत्येक वेळी न्यायालयात जावंच लागतं असं नाही. वारसांमध्ये वाद नसेल, तर सहकारी संस्था कायद्याप्रमाणे सोसायटी वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्तही स्वीकारू शकते. मृत्यूचे दाखले, मूळ भागपत्र, वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि बंधपत्र सोसायटीत द्यायचं असतं. सोसायटी वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागवते, मुदतीत हरकत आली नाही की वारसांची नावं लागतात. मात्र खरेदीदार कर्ज काढणार असेल, तर त्याच्या बँकेला एवढं पुरेल का, हे आधी विचारावं. काही बँकांचे वकील न्यायालयाचा दाखलाच मागतात. तो मिळायला वेळ लागतो, म्हणून याचा निर्णय सुरुवातीलाच झालेला बरा.

याच टप्प्यावर नावांची जुळणी करून टाकावी. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आहे, पॅनवर वडिलांचं नाव मधे आहे, आणि अमेरिकेच्या पासपोर्टवर मधलं नाव गळालेलं आहे. आईच्या मृत्यूच्या दाखल्यावर तिचं घरातलं नाव लागलं आहे. ही सगळी एकाच व्यक्तीची नावं आहेत, असं सांगणारं प्रतिज्ञापत्र आताच करून ठेवलं, तर पुढे दुय्यम निबंधक, सोसायटी आणि बँक अशा तिन्ही ठिकाणी तेच चालतं. कुलमुखत्यारपत्रात मुलाचं नाव पासपोर्टप्रमाणे लिहावं आणि त्यालाच इतर कागदांवर कोणत्या नावाने ओळखलं जातं, तेही तिथे नमूद करावं.

कुलमुखत्यारपत्रात काय लिहायचं

आता सहीचा प्रश्न येतो. मुलगा खरेदीखताच्या दिवशी पुण्यात येऊ शकत नाही, म्हणून तो बहिणीला कुलमुखत्यार नेमतो. बाजारात मिळणारा तयार मसुदा ‘माझ्या सर्व मिळकतींबाबत सर्व प्रकारची कामे करण्यास’ अशा शब्दांत असतो. असा मसुदा दोन्हीकडून अडचणीचा आहे. देणाऱ्याच्या हातात काही राहत नाही, आणि घेणाऱ्याची बँक अशा मोघम कागदावर कर्ज द्यायला कचरते. एका मिळकतीपुरतं, एका कामापुरतं विशेष कुलमुखत्यारपत्र करावं.

त्यात फ्लॅटचं पूर्ण वर्णन हवं : सोसायटीचं नाव, फ्लॅटचा क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक आणि चतुःसीमा. हे वर्णन मूळ करारनाम्यातून शब्दशः उतरवावं, कारण एका आकड्याचा फरकही नोंदणीच्या वेळी अडतो. मग अधिकार एकेक करून लिहावेत. सोसायटीत नाव लावण्यासाठी अर्ज करणं, वीज आणि मिळकतकराच्या नोंदी बदलणं, ठरलेल्या गिऱ्हाइकाशी करारनामा आणि खरेदीखत करून त्यावर सही करणं, ते दुय्यम निबंधकासमोर सादर करणं, तिथे सही केल्याची कबुली देणं आणि ताबा देणं. यांतलं ‘सही करणं’ आणि ‘सादर करून कबुली देणं’ ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं लिहिलं आणि दुसरं राहिलं, तर नोंदणीच्या टेबलापाशी येऊन काम थांबतं.

काय करता येणार नाही, हेही तितकंच स्पष्ट हवं. बहिणीवर विश्वास नाही म्हणून नव्हे, तर बहिणीवर पुढे कुणी बोट ठेवू नये म्हणून. फ्लॅट बक्षीस देता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, हे अधिकार दुसऱ्या कुणाला देता येणार नाहीत, अमुक रकमेच्या खाली विकता येणार नाही. मुलाच्या वाट्याची रक्कम त्याच्याच नावाच्या एनआरओ खात्यात जमा होईल, हे वाक्य खाते क्रमांकासह घालावं. मुदतही लिहावी, एक वर्ष पुरेसं असतं. दोघांचे फोटो, प्रत्येक पानावर सही, दोन साक्षीदार आणि शेवटी बहिणीची अधिकार स्वीकारल्याची सही, एवढं झालं की मसुदा पूर्ण होतो.

कुणाला नेमायचं, यावर मुद्रांक शुल्कही अवलंबून असतं, आणि ही गोष्ट फार उशिरा कळते. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याप्रमाणे स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार मोबदल्याशिवाय आईवडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी, मुलगी, नातवंडं अशा जवळच्या नातलगाला दिला, तर ५०० रुपये मुद्रांक पुरतो. तोच अधिकार मित्राला, शेजाऱ्याला किंवा मिळकतीच्या दलालाला दिला, तर मिळकतीच्या बाजारभावावर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं. एक कोटीच्या फ्लॅटमध्ये ही रक्कम लाखांच्या घरात जाते. नातं सिद्ध करणारा पुरावा कुलमुखत्यारपत्रासोबत जोडावा.

सही झाली, कागद निघाला

परदेशात झालेली सही भारतातल्या कार्यालयाने खरी का मानायची, याचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता भारतीय वकिलातीचा. तिथे पासपोर्ट घेऊन जायचं, अधिकाऱ्यासमोर किंवा तिथल्या पद्धतीप्रमाणे सही करायची आणि वकिलातीचा शिक्का घ्यायचा. दुसरा रस्ता अपोस्टिलचा. तिथल्या नोटरीसमोर सही करायची आणि त्या नोटरीची सही खरी आहे, असं त्या देशाच्या सरकारकडून प्रमाणित करून घ्यायचं. अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ पासून आहे. अमेरिका आणि ब्रिटन त्यात आहेत, कॅनडा २०२४ पासून आला. संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्यांना मात्र वकिलातीचाच रस्ता घ्यावा लागतो.

अमेरिकेत अपोस्टिल राज्याकडून मिळतं, आणि नोटरी ज्या राज्याचा, त्याच राज्याचं ते लागतं. न्यू जर्सीच्या नोटरीसमोर सही केली, तर अपोस्टिल न्यू जर्सीच्या खजिना विभागाकडून घ्यावं लागतं. नोकरीच्या सोयीने न्यूयॉर्कमध्ये सही केली, तर न्यूयॉर्क राज्याकडून. नुसता नोटरीचा शिक्का घेऊन कागद पाठवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. दुसरी चूक म्हणजे स्कॅन पाठवणं. दुय्यम निबंधकासमोर मूळ कागद दाखवावा लागतो.

कागद पुण्यात पोचला, की एक घड्याळ सुरू होतं. महाराष्ट्राबाहेर झालेला दस्त राज्यात पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. बहिणीने तो कागद मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात नेऊन शुल्क ठरवून घ्यायचं आणि भरायचं. इथे एक क्षुल्लक वाटणारी वस्तू फार कामाची ठरते, ती म्हणजे कुरिअरचं पाकीट. कागद कोणत्या दिवशी आला याचा पुरावा तेच असतं. पाकीट फाडून टाकलं, तर कागदावरची सहीची तारीख आणि शिक्क्याची तारीख एवढंच हातात उरतं. म्हणून पाकीट आणि कुरिअर पोचल्याची पावती कुलमुखत्यारपत्राच्या फाइलमध्येच लावून ठेवावी.

मुलाची वर्षातून एक फेरी होणारच असेल, तर याहून सोपा उपाय आहे. आला असताना इथेच कुलमुखत्यारपत्र करून दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून घ्यायचं. अपोस्टिल, वकिलात, तीन महिन्यांचं घड्याळ या सगळ्यातून सुटका होते, आणि खरेदीदाराच्या बँकेलाही असा कागद लवकर पटतो.

खरेदीखताच्या दिवशी बहीण स्वतःसाठी एकदा आणि भावाची कुलमुखत्यार म्हणून एकदा, अशा दोन सह्या करते. सोबत एक घोषणापत्र द्यावं लागतं : कुलमुखत्यारपत्र करून देणारी व्यक्ती हयात आहे आणि तिने ते रद्द केलेलं नाही. ही केवळ रीत नव्हे. करून देणारा वारला, की साधं कुलमुखत्यारपत्र त्याच क्षणी संपतं. त्यानंतर केलेली सही टिकत नाही, आणि त्याच्या वाट्यासाठी पुन्हा त्याच्या वारसांपासून सुरुवात करावी लागते.

खरेदीखताशिवाय, नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर फ्लॅट ‘विकून’ पैसे घेण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नये. अशा व्यवहाराने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

पैशांची वाट

भारतात वारसा कर नाही, त्यामुळे फ्लॅट वारशाने मिळाला म्हणून काही भरावं लागत नाही. कर लागतो तो विक्रीच्या नफ्यावर. आणि विकणारा परदेशात राहणारा असेल, तर खरेदीदाराने किंमत देतानाच कर कापून सरकारकडे भरायचा असतो. भाऊ आणि बहीण यांच्यात फरक पडतो तो इथे.

बहीण भारतात राहणारी, म्हणून तिच्या ५० लाखांवर खरेदीदार एक टक्का, म्हणजे ५० हजार रुपये कापतो. भाऊ अनिवासी. त्याच्या वाट्यावर दीर्घ मुदतीच्या नफ्याचा साडेबारा टक्के दर आणि त्यावर चार टक्के अधिभार लागतो. नफा किती, हे खरेदीदाराला ठरवता येत नाही, म्हणून सावधगिरी म्हणून तो पूर्ण ५० लाखांवरच कापतो. म्हणजे साडेसहा लाख रुपये.

खरा कर किती? वारशाने मिळालेल्या मिळकतीची मूळ किंमत म्हणजे वडिलांनी दिलेली किंमत. १६ लाखांचे अर्धे आठ लाख वजा केले, तर भावाचा नफा ४२ लाख. त्यावर साडेबारा टक्के म्हणजे सव्वापाच लाख, अधिभार धरून पाच लाख ४६ हजार. एक लाख चार हजार रुपये जास्त कापले गेले. विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतात, पण थांबावं लागतं. थांबायचं नसेल, तर खरेदीखताच्या आधी आयकर खात्याकडे अर्ज करून कमी दराने करकपातीचं प्रमाणपत्र घेता येतं. त्याला वेळ लागतो, म्हणून विसार घेतल्याबरोबर सीएकडे जावं. २००४ ची मूळ पावती किंवा नोंदणीकृत करारनामा सापडायला हवा, हे इथेही लागू होतं. फ्लॅट २००१ च्या आधीचा असेल, तर १ एप्रिल २००१ ची किंमत मूल्यांकनकाराकडून ठरवून घेता येते.

खरेदीदाराने चुकून भावाच्या वाट्यावरही एक टक्काच कापला, तर आयकर खातं उरलेल्याची वसुली त्या खरेदीदाराकडे मागू शकतं. म्हणून भाऊ अनिवासी आहे, हे करारनाम्यात स्वच्छ लिहावं. एका प्रामाणिक खरेदीदाराला नंतर नोटीस येणं टाळायचं, तर एवढी एक ओळ पुरते.

भावाचे पैसे त्याच्या एनआरओ खात्यातच गेले पाहिजेत. परदेशी जाण्याच्या आधीपासूनचं जुनं बचत खातं अजून चालू असेल, तर ते आधी एनआरओमध्ये बदलून घ्यावं. बहिणीच्या खात्यात सगळी रक्कम घेऊन मग भावाला पाठवायची सोय वरवर सोपी दिसते, पण बँक ती रक्कम कुठून आली, हे विचारते आणि तिथे अडते. एनआरओ खात्यातून वारशाच्या मिळकतीची विक्री धरून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते. त्यासाठी बँक खरेदीखत, कर भरल्याचा पुरावा, सीएचं प्रमाणपत्र आणि वारसाहक्काचे कागद मागते. सुरुवातीला जमवलेले मृत्यूचे दाखले आणि वारसांचा दस्त इथे दुसऱ्यांदा लागतात. ज्या देशात राहतो तिथल्या करखात्यालाही या वारशाची आणि विक्रीची माहिती द्यावी लागते का, हे तिथल्या सल्लागाराला विचारून घ्यावं.

शेतजमीन असेल तर

फ्लॅटऐवजी गावची शेतजमीन असेल, तर वाट थोडी वेगळी आहे. अनिवासी किंवा ओसीआय कार्डधारक शेतजमीन विकत घेऊ शकत नाही, पण वारशाने मिळालेली ठेवू शकतो. विकायची झाली, तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, आणि महाराष्ट्रात घेणारा साधारणपणे शेतकरी असावा लागतो. सुरुवात सातबाऱ्यावर वारसनोंद करण्यापासून होते. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्याला गावात अजूनही तलाठीच म्हणतात त्याच्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करायचा. तो फेरफार धरतो, सूचना काढतो, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. सातबारा बघताना इतर हक्काचा रकानाही वाचावा. मुलींची नावं पुष्कळदा तिथे लिहिलेली असतात, आणि त्या भोगवटादार नाहीत असं समजून व्यवहार केला, तर पुढे तो न्यायालयात जातो. फेरफार मंजूर झाल्याने मालकी सिद्ध होत नाही, वारसांचे हिस्से कायद्याप्रमाणेच राहतात.

काम संपल्यावर, आणि सुरू होण्याआधी

खरेदीखत झालं, पैसे खात्यात आले, ताबा दिला, की कुलमुखत्यारपत्राचं काम संपतं. मुदत लिहिलेली नसेल, तर ते तसंच पडून राहतं. म्हणून ते लेखी रद्द करावं, नोंदवलेलं असेल तर रद्दलेखही त्याच कार्यालयात नोंदवावा आणि बहिणीला, सोसायटीला त्याची प्रत द्यावी. मूळ कागद परत मागून घ्यावा. बहिणीलाही यात दिलासा आहे : पुढे कधी काही निघालं, तर तिची जबाबदारी कोणत्या तारखेला संपली, हे दाखवणारा कागद तिच्याकडे असतो.

या सगळ्या धावपळीतला सर्वांत मोठा अडथळा होता तो आजीचा पाव हिस्सा. वडिलांनी हयातीत दोन साक्षीदारांच्या सहीनिशी मृत्युपत्र करून फ्लॅट पत्नीला आणि मुलांना दिला असता, तर हा हिस्सा निर्माणच झाला नसता. स्वकष्टार्जित मिळकत कुणाला द्यायची, हे ठरवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदवलेलं मृत्युपत्र नाकारणं अवघड जातं. ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि आईवडील अजून इथे आहेत, अशा घरांनी यंदाच्या सुट्टीत हे एक काम हातावेगळं करावं. मृत्युपत्रात मुलांची नावं पासपोर्टप्रमाणे लिहावीत, भारतात राहणारा व्यवस्थापक नेमावा, आणि मूळ करारनामा, भागपत्र व पॅन कुठे ठेवलं आहे, हे दोन्ही मुलांना सांगून ठेवावं. आईवडील समोर बसून सांगत असतात, तेव्हा हा विषय काढणं जड जातं. पण कोण कधी गेलं आणि कोणती पावती कुठे आहे, याची उत्तरं त्यांच्याइतकी नेमकी नंतर कुणाकडेच नसतात.